दुकानाचे नाव बदलते तेव्हा

नवे नाव आणि नवे बोधचिन्ह म्हणजे नवा मालक नव्हे. एकल मालकीच्या दुकानात पॅन मालकाचाच राहतो. जीएसटी क्रमांक पॅनवर बेतलेला असल्याने तोही तसाच राहतो. व्यापारी नावातील बदल मात्र १५ दिवसांत जीएसटी पोर्टलवर नोंदवावा लागतो.

दोन वर्षांचा नियम: कंपनी कायदा, २०१३च्या कलम १२नुसार नाव बदललेल्या कंपनीला पाटीवर आणि पत्रांवर जुने नावही दोन वर्षे द्यावे लागते. एकल मालकीला हा नियम लागू नाही. पण ‘पूर्वीचे अमुक’ ही ओळ तिथेही उपयोगी पडते.

ग्राहकाला काय सांगायचे: मालक, पत्ता आणि फोन तेच आहेत; जुन्या नावाची पावती, आगाऊ रक्कम आणि हमीपत्र चालणार आहे; आणि नवे नाव कोणत्या तारखेपासून, तेही.

पैसे देताना: गोंधळ बहुधा इथेच होतो. पाटी नवी, पण यूपीआयवर बँक खात्यातील जुने नाव दिसते आणि ग्राहक थबकतो. म्हणून खाते बदलले की नाही, हे ग्राहकांसाठीच्या सूचनेत स्पष्ट लिहितात. ‘नाव बदलले, आता या खात्यात पैसे भरा’ असा संदेश फसवणुकीचाही असू शकतो. म्हणून ग्राहकाने खातरजमा जुन्या फोन क्रमांकावरच करावी.

पाटी: महाराष्ट्रात नव्या पाटीवरही देवनागरी मराठी सक्तीची आहे. अन्य लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत.