सिल्हेटची घरं, लंडनची गल्ली

बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सिल्हेट भागात ‘लंडोनी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ज्याच्या घरचं कोणी विलायतेत आहे तो लंडोनी. तो लंडनमध्ये राहतो की बर्मिंगहॅममध्ये, याला महत्त्व नाही. अशा घराण्यांची गावंही ठरलेली आहेत. बियानीबाजार, विश्वनाथ, जगन्नाथपूर, बालागंज, मौलवीबाजार अशा काही तालुक्यांत भातखाचरांच्या मधोमध दोन-तीन मजली रंगीत सिमेंटची घरं उठून दिसतात, आणि त्यांपैकी कित्येक वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात. दुसऱ्या टोकाला लंडनमध्येही हे लोक सगळीकडे विखुरलेले नाहीत. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये बांगलादेशी वंशाचे सुमारे 6 लाख 45 हजार लोक नोंदले गेले. त्यांतले 1 लाखाहून अधिक पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स या एकाच विभागात होते, म्हणजे तिथल्या दर तीन रहिवाशांमागे एकाहून थोडे जास्त. गावाकडची घरं आणि परदेशातली ही गल्ली एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत, आणि ती व्यवस्था समजायला आगबोटींच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

ब्रिटिश राजवटीत 1874 साली सिल्हेट आसामला जोडला गेला. तिथे मोठे जमीनदार कमी आणि स्वतःच्या तुकड्यावर कसणारे छोटे मालक जास्त होते. पोटापुरतं पिकत होतं, पण भावाभावांत वाटणी झाली की तुकडा पुरत नसे. प्रदेश नद्यांचा आणि पाणथळीचा असल्यामुळे होडी चालवणं अंगवळणी पडलेलं होतं. तिथून कलकत्त्याला जाणाऱ्या नदीतल्या आगबोटींवर, आणि पुढे समुद्रातल्या जहाजांवर माणसं चढत गेली. जहाजावरच्या कामांची प्रांतवार वाटणी झालेली असे. अनेक कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर कोकण-गुजरात किनाऱ्याचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे लोक, आणि खाली भट्टीपाशी पंजाबी किंवा सिल्हेटी दिसत. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला ‘आगवाला’ म्हणत. खलाश्यांच्या मिश्र बोलीतला हा शब्द मराठी माणसालाही समजावून सांगावा लागत नाही.

भरती करणारा सारंग बहुधा आपल्याच गावची माणसं घेई. जहाज मिळेपर्यंत कलकत्त्यात ‘बाडीवाल्या’च्या खोलीत उधारीवर राहायचं, आणि पगार झाला की फेडायचं. मुंबईत धोबी तलावाजवळ गोव्याच्या गावागावांनी काढलेले कूड याच गरजेतून उभे राहिले होते. तिथेही बोटीची वाट बघणारा माणूस आपल्या गावच्या छपराखाली पथारी टाकत असे.

भट्टीपाशी उष्मा जीवघेणा आणि पगार गोऱ्या खलाश्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे ब्रिटनच्या बंदरात उतरून काहीजण परत चढतच नसत. लंडनच्या गोदीतून पळालेल्याला एक पत्ता तोंडपाठ लागे. आयूब अली हे सिल्हेटी गृहस्थ, ज्यांना सगळे ‘मास्टर’ म्हणत, आल्डगेटजवळच्या सँडीज रो या गल्लीत 13 नंबरच्या घरात अशा माणसांना ठेवून घेत. त्यांचं जवळच कमर्शियल स्ट्रीटवर ‘शाहजलाल’ नावाचं कॉफीघर होतं. तिथे पत्रं लिहून मिळत, कागदपत्रं होत आणि कामाची खबर लागे. 1943 साली त्यांनी आणि शाह अब्दुल मजीद कुरेशी यांनी भारतीय खलाश्यांसाठी कल्याणकारी संघटना काढली. पुढे शहराच्या ज्या भागाला लोक बंगाली वस्ती म्हणू लागले, तिची पहिली वीट या घरी बसली, असं म्हणायला हरकत नाही.

युद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. 1962 च्या कायद्याने येणाऱ्यांवर परवान्याची अट आली, आणि तिचा परिणाम अपेक्षेपेक्षा उलटा झाला. दार बंद होण्याआधी पोहोचण्याची घाई झाली, आणि परवाना मिळवण्यासाठी नोकरीची हमी लागत असल्यामुळे आधी गेलेल्या नातलगाचं वजन आणखी वाढलं. ज्या गावात लंडोनी होता तिथूनच पुढचे गेले; शेजारच्या गावात नव्हता, तिथून जवळजवळ कोणी गेलं नाही. मोजक्या तालुक्यांतूनच माणसं का गेली, याचं मुख्य उत्तर गरिबीत सापडत नाही, ते ओळखीत सापडतं. सर्वांत गरीब माणूस तर बोटीचं किंवा विमानाचं भाडंही उभं करू शकत नव्हता.

हे पुरुष एकटेच राहत. उत्तरेकडच्या कापडगिरण्यांत आणि बर्मिंगहॅमच्या ओतकामाच्या कारखान्यांत पाळीने काम करायचं, एका खोलीत आळीपाळीने झोपायचं, आणि उरलेला पैसा गावी पाठवायचा. पैशाचा क्रमही ठरलेला होता. आधी तिकिटासाठी काढलेलं कर्ज, मग घरचा भात आणि बहिणींची लग्नं, मग जमीन आणि शेवटी पक्कं घर. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरीचं गणितही फारसं वेगळं नव्हतं.

पैसा जायचा कसा, हा यातला सर्वांत नाजूक भाग. बँकेतून पाठवला तर सरकारी दराने टका मिळे, आणि तो दर खुल्या बाजारापेक्षा कमी असे. म्हणून हुंडीचा रस्ता चालला. पूर्व लंडनमधल्या किराणा दुकानात किंवा प्रवास कचेरीत पौंड द्यायचे. दुकानदार सिल्हेटमधल्या आपल्या भागीदाराला निरोप धाडतो, आणि तो घरपोच टका देतो. या व्यवहारात पौंड लंडन सोडतच नाहीत. ज्या व्यापाऱ्याला परदेशात गुपचूप पौंड हवे असतात, त्याला ते तिथेच मिळतात आणि तो ढाक्यात टका मोजतो. कुटुंबाला पूर्ण रक्कम पोहोचते, देशाच्या परकीय गंगाजळीत मात्र काहीच पडत नाही. सरकारी आणि बाजारी दरांतलं अंतर वाढलं आणि बँकेतून येणारी रक्कम एकाएकी आटली, की प्रवाह हुंडीकडे वळला असं समजावं. हे ओळखून बांगलादेशने 1974 मध्ये परदेशी कमावणाऱ्यांच्या चलनाला चढा दर देणारी योजना काढली. जुलै 2019 पासून अधिकृत मार्गाने आलेल्या रकमेवर 2 टक्के वरकड सरकार देऊ लागलं, आणि 2022 च्या जानेवारीपासून ते अडीच टक्के झालं.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा बाजारात 1 पौंडाला 160 टका मिळतात आणि कोणी 200 पौंड पाठवले. कंपनी 3 पौंड शुल्क घेते आणि 156 चा दर देते. मग 197 पौंडांचे 30,732 टका होतात, म्हणजे खऱ्या 32,000 पेक्षा 1,268 कमी. एकूण खर्च साधारण 4 टक्के, आणि त्यातला मोठा भाग दरातल्या फरकाचा आहे. ‘शुल्क फक्त 3 पौंड’ ही पाटी खरी असूनही अपुरी असते. सरकारी वरकडाचे 768 टका मिळाले की तूट 500 वर येते. एवढ्या थोड्या फरकावर माणूस बँक की हुंडी ते ठरवतो.

फरकापेक्षाही मोठा प्रश्न भरवशाचा आहे. 2007 मध्ये पूर्व लंडनमधली पैसे पाठवणारी एक कंपनी बुडाली आणि अनेक कुटुंबांनी काउंटरवर दिलेली रक्कम गावी पोहोचलीच नाही. ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम ब्रिटनमध्ये 2009 मध्ये आला, पण छोट्या कंपन्यांवर त्याची सक्ती नव्हती. लोक दुकानदाराला त्याच्या गावावरून ओळखत होते, म्हणून पावती नीट बघत नव्हते. वस्तीचं जे बळ होतं, तिथेच तिला फटका बसला.

वस्ती दाट होण्याची कारणंही नुसत्या ओढीची नव्हती. 1970 च्या दशकात उत्तरेतल्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि पुरुष लंडनच्या शिवणकामाच्या कारखान्यांकडे व हॉटेलांकडे आले. त्याच सुमारास बायकामुलं यायला लागली. पालिकेची घरं त्यांना मिळत ती बहुधा जुनाट, किंवा अशा वसाहतींत जिथे रात्री दारावर दगड येत. त्यामुळे अनेक कुटुंबं ब्रिक लेनजवळच्या रिकाम्या इमारतींत घुसून राहिली. 4 मे 1978 रोजी आल्ताब अली हा तरुण कापड कामगार कामावरून परतताना वंशद्वेषातून मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो पडला तिला 1998 मध्ये त्याचं नाव मिळालं. एकत्र राहण्यामागे भाषा, मशीद आणि मासळीचं दुकान होतं हे खरं. पण शेजारच्या दारापर्यंत हाक पोहोचावी, ही गरज त्याहून निकडीची होती. बाहेरून पाहणाऱ्यांनी ‘हे लोक मिसळत नाहीत’ म्हणताना हा भाग सहसा वगळला.

जागा मात्र जुनीच होती. ब्रिक लेनवरची 59 नंबरची इमारत 1743 मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांचं प्रार्थनास्थळ म्हणून बांधली गेली. 1898 मध्ये ती ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि 1976 मध्ये मशीद. गोदीजवळची स्वस्त जागा आणि घरबसल्या करता येणारं शिवणकाम प्रत्येक नव्या लोंढ्याला इथेच आणत राहिलं.

गावी गेलेल्या पैशाने काय केलं? भाताचा पुरवठा सुधारला, शाळा-मशिदी झाल्या, आणि जमिनीची किंमत लंडोनी नसलेल्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेली. ही कुटुंबं मग लंडोनींच्या शेतावर राबू लागली किंवा त्यांच्या बंद घरांची राखण करू लागली. कारखाने मात्र फारसे आले नाहीत. सिल्हेटच्या बँकांत ठेवी भरपूर आणि स्थानिक कर्जं थोडी, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. जमीन बहुधा गावच्या भावाच्या देखरेखीखाली असल्यामुळे दुसऱ्या पिढीत वाद पेटतात. लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाला काकाने लावलेल्या खुंट्याही ठाऊक नसतात आणि दस्तऐवजही.

ती मुलं दरमहा पैसे पाठवत नाहीत. ईदची कुर्बानी, जकात, पूर आला तर मदत, एखाद्या चुलतबहिणीचं लग्न, इतकंच आता जातं. ब्रिक लेनवर व्यापारी पेढ्यांच्या वाढत्या भाड्यापुढे जुनी हॉटेलं बंद पडत आहेत, आणि कुटुंबं पूर्वेकडे न्यूहॅम, रेडब्रिज, बार्किंगकडे सरकत आहेत. मोबाइलवरून मिनिटात पैसे जातात, त्यामुळे दुकानदाराची ओळख लागत नाही.

सर्वांत मोठा बदल मात्र दफनात दिसतो. पहिल्या पिढीतल्या पुष्कळांचे मृतदेह विमानाने सिल्हेटला नेले जात. त्यासाठी वस्तीत वर्गणी निघे, आणि पाठवलेल्या पैशाने बांधलेल्या घराजवळच्या गावातच कबर होई. आता लंडनच्या ईशान्य टोकाला हेनॉल्टमध्ये मुस्लिमांसाठी मोठी दफनभूमी आहे. मुलं म्हणतात, इथे पुरलं तर शुक्रवारी जाता येईल.