क्लासची वेबसाइट: पाच मिनिटांत मसुदाच होतो

लातूर-नांदेडच्या नीट-जेईई क्लासचालकांना प्रवेशाच्या दिवसांत वेबसाइट लगेच हवी असते. नाव, गाव आणि विषय सांगितले की एआयच्या मदतीने आपोआप पानं रचणारी साधनं आता सर्रास मिळतात. मेनू, मांडणी, मोबाइलवर नीट बसणारं पान, एवढी मेहनत त्यात खरोखर वाचते. बाकीचं हाताने करावं लागतं.

गैरसमज: नमुन्याचा मजकूर काही दिवस तसाच राहिला तरी बिघडत नाही.

बिघडतं. क्लास म्हटलं की हे साधन ‘९८ टक्के निकाल’, ‘१५ वर्षांचा अनुभव’ आणि हसऱ्या मुलीच्या फोटोखाली कौतुकाची दोन वाक्यं स्वतःहून घालतं. त्या मुलीने तुमच्या क्लासची पायरीही चढलेली नसते. वाचणारे पालक मात्र परभणी-हिंगोलीकडून मुलाला खोली करून ठेवण्याचा हिशेब मांडत असतात. त्यांना खोटा आकडा दाखवणं ही फसवणूकच आहे. कायद्यानेही ते चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. शिवाय त्याने कोणता कोर्स केला, किती काळाचा, पैसे भरून की मोफत, हे सोबत सांगावं लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीत पानावरचा प्रत्येक आकडा आणि चेहरा शोधा. ज्याचा कागद तुमच्या फाइलमध्ये नाही, तो काढून टाका.

गैरसमज: भाषा मराठी निवडली की मराठी नीट दिसते.

बहुतेक साचे रोमन अक्षरांसाठी आखलेले असतात. त्यात मोठ्या शीर्षकांची अक्षरं ऐटीत लांब लांब ठेवलेली असतात. तिथे ‘जीवशास्त्र’ लिहिलं की शिरोरेषा तुटते आणि जी, व, शा, स्त्र सुटे पडतात. ओळी फार जवळ असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. शैलीच्या फाइलमध्ये एवढं केलं तरी पुरतं:

```css
h1, h2, h3 { letter-spacing: normal; line-height: 1.5; }
```

पानाच्या सुरुवातीला `<html lang="en">` असेल तर तिथे `mr` करा. नाहीतर अंधांसाठी पान वाचून दाखवणारं साधन मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचू शकतं.

गैरसमज: चौकशीचा फॉर्म दिसतोय, म्हणजे तो चालतोय.

फॉर्मची चौकट तयार येते. भरलेली माहिती कुठे जाणार, हे बहुधा तुम्हालाच जोडावं लागतं. ‘धन्यवाद’ असं उत्तर उमटतं, पण नोंद अशा ईमेलवर किंवा खात्यात पडून राहते, जे कोणी उघडत नाही. दुसऱ्या मोबाइलवरून फॉर्म भरा आणि ती चौकशी ऑफिसात फोन उचलणाऱ्या माणसापर्यंत पोचली का, ते त्यालाच विचारा. स्पॅमचा कप्पाही बघा. फोन नंबरवर बोट ठेवून तो खरंच तुमच्याकडे लागतो का तेही पाहा, कारण साच्यातला नंबर बऱ्याचदा बनावट असतो.