अर्ध्या वेतनाची रजा, पूर्ण वेतनाचा अर्ज

केंद्र सरकारी सेवेची 30 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा वर्षाला 20 दिवस या हिशेबाने माझ्या खाती न वापरलेली 600 दिवसांची अर्धवेतनी रजा होती. शस्त्रक्रियेनंतर मी 60 दिवस घरी राहिलो. मूळ वेतन 60,000 रुपये. हाती त्याचे निम्मे आले, आणि महागाई भत्ताही त्या निम्म्यावरच. अर्जात मी केवळ ‘आजारपणाची रजा’ असे लिहिले होते. वैद्यकीय प्रमाणपत्रासह ‘परिवर्तित रजा’ मागितली असती, तर वेतन पूर्ण मिळून खात्यातून दुप्पट, म्हणजे 120 दिवस वजा झाले असते. 1972 च्या रजा नियमांनुसार रुजू झाल्यापासून 30 दिवसांत रजेचा प्रकार बदलून मागता येतो. तो हक्क नव्हे, आणि ही मुदत कुणी आपणहून सांगतही नाही. मी बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. तो मंजूर झाला. खाती 480 दिवस उरले.