सयाजीरावांना घडवलं कोणी?

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड कोणाच्या हाताखाली शिकले, असं विचारलं की वाचणाऱ्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं दिवाण सर टी. माधवराव यांचं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि माधवरावांनी त्याला राजा केलं, अशी ती गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही. पण त्या काळची कागदपत्रं शेजारी मांडली की तिच्यातली माणसं जागा बदलतात.

अशा शोधात आधी तारखा पक्क्या कराव्यात, नावांकडे मागाहून वळावं. मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारनं 1875 च्या एप्रिलमध्ये गादीवरून दूर केलं. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी गोपाळला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव सयाजीराव ठेवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रज सनदी नोकर एफ. ए. एच. इलियट शिक्षक म्हणून आले. 28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. या चार तारखा एका ओळीत ठेवल्या, की राजवाड्यातलं सगळं शिक्षण साधारण साडेसहा वर्षांत बसवावं लागतं. कोणत्याही आठवणीतला प्रसंग या चौकटीबाहेर पडला, तर आधी त्या आठवणीवर शंका घ्यावी.

आता माधवरावांकडे पाहू. शिकवण्याचं काम त्यांना नवं नव्हतं. 1849 पासून काही वर्षं त्यांनी त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवलं होतं आणि पुढे तिथलीच दिवाणगिरी केली होती. बडोद्यात मात्र ते कारभारी म्हणून आले होते, रोजचे शिक्षक म्हणून नव्हे. अल्पवयीन राजाचं राज्य चालवणं, मल्हाररावांच्या काळात विस्कटलेला जमाखर्च सावरणं, रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार ठेवणं, यातच त्यांचा दिवस जात असे. महाराजांपुढे त्यांनी दिलेली प्रसिद्ध व्याख्यानं 1881 सालची, म्हणजे अधिकार मिळण्याआधीच्या शेवटच्या वर्षातली आहेत. राज्यकारभार कसा करावा, माणसं कशी पारखावीत, राजवाड्याचा खर्च कसा आवरावा, इंग्रज सरकारशी कसं वागावं, असे त्यांचे विषय होते. ही व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ या नावानं छापली गेली. अलीकडे राहुल सागर यांनी त्यांचं नवं संपादन केल्यामुळे आजच्या वाचकालाही ती सहज वाचायला मिळतात.

आपली गफलत होते ती इथेच. ज्याचं पुस्तक उरलं तो गुरू, असं आपण धरून चालतो. माधवरावांचं पुस्तक उरलं. पण महाराजांना सकाळ-संध्याकाळ बसवून इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल यांचे धडे देण्याची जबाबदारी डिसेंबर 1875 पासून इलियटांवर होती. सहा वर्षांचा सहवास एका पारड्यात आणि एका वर्षातली व्याख्यानं दुसऱ्यात घातली, तर पारडं कुठे झुकतं हे उघड आहे. मला वाटतं, सयाजीरावांना वाचनाचं आणि शिस्तीचं जे वळण लागलं, ते मुख्यतः इलियटांच्या वर्गातलं. माधवरावांनी त्या तयार जमिनीत राजनीती पेरली.

इलियटांची ओळख पटवतानाही एक खाचखळगा आहे. शिक्षकाचं काम संपल्यावरही बडोद्याशी त्यांचा संबंध तुटला नाही. पुढे ते राज्याच्या जमीनमोजणी आणि आकारणीच्या कामावर आले. त्यामुळे 1880 नंतरच्या दशकातल्या कागदात ‘इलियट साहेब’ दिसले, तर ते गुरू म्हणून आहेत की अधिकारी म्हणून, हे त्यांच्या हुद्द्यावरून आणि तारखेवरूनच ठरतं. शिवाय ते स्वतः लेखक होते. बडोद्याच्या राज्यकर्त्यांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बडोद्यावरचा खंडही त्यांच्याच हातचा. म्हणून गायकवाड घराण्याविषयीचं त्यांचं लेखन वाचताना हे विसरू नये, की लिहिणाऱ्यानं आपल्या विद्यार्थ्याच्या घराविषयी लिहिलं आहे.

दरवर्षीचे राज्यकारभाराचे छापील अहवाल हा दुसरा मोठा आधार. त्यांत महाराजांची प्रगती, तब्येत, अभ्यास यांची नोंद येते आणि ती जवळजवळ नेहमीच समाधानाची असते. ते स्वाभाविक आहे. मल्हाररावांना काढून इंग्रजांनी नवा राजा बसवला होता आणि तो चांगला निघतो आहे, हे दाखवणं दिवाणाच्या आणि रेसिडेन्सीच्या दोघांच्याही हिताचं होतं. म्हणून अहवालातून अभ्यासाचे विषय, शिक्षकाचं नाव, वर्ष एवढं घ्यावं. स्तुती घेताना हात आखडता ठेवावा.

सगळ्यांत अंधारात राहतात ते देशी शिक्षक. दत्तकविधान मे महिन्यातलं आणि इलियट आले डिसेंबरात. मधल्या सहा-सात महिन्यांत खेड्यातून आलेल्या मुलाला पाटी-पुस्तकाला लावणारे कोणीतरी होतेच. पुढेही मराठी, गुजराती, उर्दू शिकवायला, घोड्यावर बसवायला, तालमीत उतरवायला माणसं होती. छापील अहवाल त्यांना सहसा ‘देशी शिक्षक’ म्हणून मोकळा होतो. त्यांची नावं शोधायची तर खाजगी खात्याच्या, म्हणजे राजवाड्याच्या घरखर्चाच्या वह्यांकडे जावं लागतं. तिथे माणूस पगाराच्या ओळीत सापडतो, अनेकदा नुसत्या ‘पंतोजी’, ‘मास्तर’ किंवा ‘उस्ताद’ अशा शब्दानं. एकच नाव लागोपाठच्या महिन्यांत, त्याच कामासमोर आणि त्याच दरानं आलं, तर ओळख पक्की धरावी. पगारांची तुलना करताना नाणं पाहावं. बडोद्याचा बाबाशाही रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया यांचं मोल सारखं नव्हतं. नाणं न पाहता आकडे ताडून कोणाचा मान मोठा हे ठरवलं, तर निष्कर्ष चुकतो.

पुढच्या पिढीत मात्र शिक्षक स्वतः बोलतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये महाराजांचे वाचक म्हणून बडोद्याच्या नोकरीत आले आणि पुढे राजपुत्रांना शिकवू लागले. शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांतूनच ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि 1898 मध्ये छापून निघाली. ‘माझी संसारयात्रा’ या आत्मचरित्रात त्यांनी राजवाड्यातले दिवस स्वतःच्या शब्दांत सांगितले आहेत. पण ते महाराजांचे शिक्षक नव्हते. ते आले तेव्हा सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार येऊन सात-आठ वर्षं झाली होती. महाराजांना ते वाचून दाखवत आणि शिकवत ते महाराजांच्या मुलांना. ‘राजवाड्यातले शिक्षक’ एवढ्याच शब्दांनी ही दोन्ही नाती एक होतात आणि मग लेखांत सरदेसाई सयाजीरावांचे गुरू होऊन बसतात. शिष्य कोण, हे विचारल्याशिवाय गुरूचं नाव लिहू नये.

आत्मचरित्राचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. धड्याला कोण वेळेवर येई, महाराज मुलांच्या अभ्यासाची चौकशी कशी करत, शिक्षकाला राजवाड्यात किती मान होता, हे कोणत्याही पगाराच्या वहीत येत नाही. उलट, वर्षानुवर्षांनी लिहिलेल्या आठवणीत साल आणि क्रम घसरतात. म्हणून साल वहीतून घ्यावं आणि माणूस आठवणीतून.

बडोद्याच्या नोकरीत असलेल्या मराठी माणसांचे वंशज आज महाराष्ट्रात आणि बडोद्यात अनेक घरांत आहेत. तुमच्या पेटीत आजोबा-पणजोबांचं मोडीतलं नेमणूकपत्र, पगाराची पावती किंवा रोजनिशी असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि तिची एक प्रत एखाद्या पुराभिलेखागाराला किंवा इतिहास संशोधन मंडळाला द्या. सयाजीरावांना मुळाक्षरं गिरवायला लावणाऱ्या शिक्षकाचं नाव अशाच एखाद्या कागदावर मिळू शकेल.