३.८ गुणांचं करायचं काय?

नॅकच्या मूल्यांकनामुळे महाविद्यालयांत अभिप्रायाचे अर्ज सवयीचे झाले आहेत. सत्र संपता संपता विद्यार्थी मोबाइलवर भराभर टिचक्या मारतात, सरासरी निघते ५ पैकी ३.८ आणि कागद फायलीत जातो. या ३.८चं शिक्षकाने करायचं काय?

गोम प्रश्नांतच असते. ‘शिक्षकांचे विषयज्ञान व सादरीकरण चांगले आहे का?’ या एका ओळीत दोन प्रश्न आहेत. शिवाय विषयज्ञान जोखणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. वर्गात आपल्याला काय कळलं आणि कुठे अडलं, एवढं मात्र तो नेमकं सांगू शकतो.

समजा, वाणिज्य शाखेचा संख्याशास्त्राचा ६० जणांचा वर्ग आहे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात पाचव्या आठवड्यालाच निनावी अर्ज दिला, तोही तीनच प्रश्नांचा. फळ्यावरचं गणित उतरवून घ्यायला वेळ पुरतो का: नेहमी, कधीकधी की क्वचित? कोणत्या गणितापाशी अडलात? पुढच्या तासापासून कोणती एक गोष्ट बदलावी?

उत्तरं ४८ आली. त्यांतल्या २९ जणांची गाडी सहसंबंध गुणांकाच्या तक्त्यापाशी अडली होती. तक्ता आखण्यातच तास संपत होता. आता उपाय उघड आहे. आखलेला तक्ता छापून द्यायचा आणि वाचलेला वेळ आकडेमोडीला द्यायचा. काय बदललं, कोणती मागणी का मान्य झाली नाही, हेही पुढच्याच तासाला सांगायचं. नाहीतर पुढचा अर्ज कुणी मनापासून भरत नाही.

उरलेले १२ जण कदाचित वर्गातच येत नसतील. त्यांची अडचण या अर्जात सापडणार नाही.