अर्ध्याचे अर्धे व्हायला किती वेळ?

एथिल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोडा यांचे सौम्य द्रावण एकत्र ओतले की डोळ्यांना काहीच दिसत नाही. रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत. तरीही चंचुपात्रात सोडा एस्टरला फोडत असतो आणि सोडियम ॲसिटेट व अल्कोहोल तयार होत असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा खेळ ब्युरेटने पकडतात. ठरावीक मिनिटांनी मिश्रणातले १० मिली पिपेटने उचलायचे आणि मोजून घेतलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे. उरलेला सोडा आम्लात क्षणात मारला जातो, त्यामुळे अभिक्रिया जागीच थांबते. मग फिनॉल्फ्थॅलिन टाकून शिल्लक आम्लाचे टायट्रेशन करायचे. किती आम्ल खर्ची पडले हे कळले, की त्या मिनिटाला पात्रात किती सोडा उरला होता तेही कळते.

मिश्रणात एस्टर आणि सोडा दोन्ही ०.०२ मोल प्रति लिटर असतील आणि तापमान २५ अंश सेल्सियस असेल, तर निम्मा सोडा संपायला सुमारे पावणेआठ मिनिटे लागतात. हा या मिश्रणाचा अर्धायुकाल, म्हणजे हाफ लाइफ. इथवर सगळे सोपे आहे. पण उरलेल्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे मूळचा पाव भाग, कधी उरेल?

बहुतेक जण पटकन सांगतात की आणखी पावणेआठ मिनिटांनी. किरणोत्सर्गी पदार्थांच्या धड्यातून ही सवय लागलेली असते, कारण तिथे अर्धायुकाल कधीच हलत नाही. या पात्रात मात्र दुसऱ्या टप्प्याला जवळपास साडेपंधरा मिनिटे लागतात आणि तिसऱ्याला सुमारे ३१. प्रत्येक अर्धा टप्पा आधीच्याच्या दुप्पट लांबतो.

याचे कारण अभिक्रियेच्या कोटीत, म्हणजे वर्गात जिला ऑर्डर म्हणतात तिच्यात आहे. पदार्थांची संहती बदलली की वेग किती पटीने बदलतो, एवढेच कोटी सांगते. इथे हायड्रॉक्साइड आयनाला एस्टरच्या कार्बोनिल कार्बनवर प्रत्यक्ष जाऊन आदळावे लागते, म्हणून वेग दोघांच्या संहतीवर अवलंबून असतो: rate = k[ester][OH⁻]. निम्मा एस्टर आणि निम्मा सोडा उरला, की दोघांची गाठ पडण्याची शक्यता पाव होते आणि वेगही पाव होतो. संपवायचा माल निम्मा आणि वेग पाव, म्हणून वेळ दुप्पट लागतो. ही दुसऱ्या कोटीची अभिक्रिया झाली. समीकरणात एक एस्टर आणि एक हायड्रॉक्साइड लिहिलेले दिसते म्हणून ती दुसऱ्या कोटीची, असे कोणी समजू नये. समीकरण फक्त हिशेब सांगते. कोटी प्रयोगातूनच काढावी लागते, आणि ती काढताना फसायला भरपूर वाव असतो.

सर्वांत मोठा सापळा आलेखाच्या कागदावर असतो. पहिल्या कोटीची अभिक्रिया असेल, तर संहतीचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ln a, वेळेच्या विरुद्ध मांडल्यावर सरळ रेषा येते. दुसऱ्या कोटीची असेल (आणि दोन्ही पदार्थ सारखेच घेतले असतील), तर 1/a मांडल्यावर येते. नियम पाठ असतो. विद्यार्थी सोड्याचे पहिल्या आठ मिनिटांतले आकडे घेतो, संगणकावर ln a चा आलेख काढतो, रेषा जवळपास सरळ दिसते, आर-स्क्वेअर ०.९९ येतो, आणि वहीत लिहिले जाते: पहिली कोटी. बिचाऱ्याने हिशेबात काहीच चुकवलेले नसते.

चूक वेळेच्या आधी थांबण्यात आहे. पहिल्या अर्धायुकालापर्यंत दोन्ही कोटींचे वक्र एकमेकांना चिकटून चालतात. सुरुवातीचा सोडा १० मिलीइतका धरला, तर पावणेआठ मिनिटांनी दोन्ही हिशेबांनी ५ मिलीच उरतो. अधल्यामधल्या वेळीही फरक जास्तीत जास्त ०.४ मिलीच्या आसपास असतो, आणि आकड्यांमधून काढलेली रेषा तोही स्वतःत वाटून घेते. पण साडेपंधरा मिनिटांनी पहिल्या कोटीच्या हिशेबाने २.५ मिली उरायला हवे, तिथे प्रत्यक्षात ३.३ सापडतात. तेवीस मिनिटांनी १.२५ ऐवजी २.५ सापडतात, म्हणजे थेट दुप्पट. आता ln a ची रेषा उजवीकडे आडवी होऊ लागते आणि वाकडेपण लपत नाही. म्हणून कोटी ठरवायची असेल तर निदान दोन, जमल्यास तीन अर्धायुकालांपर्यंत थांबावे लागते. आर-स्क्वेअरच्या आकड्यापेक्षा ठिपके रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहणे जास्त कामाचे. दोन्ही टोके रेषेच्या वर आणि मधले सगळे खाली असतील, तर कागदावर सरळ रेषा नाही, वक्र आहे.

त्याच आकड्यांचा 1/a चा आलेख पाहण्यासारखा असतो. सुरुवातीला 1/0.02 म्हणजे ५०. पावणेआठव्या मिनिटाला १००, तेविसाव्याला २००, चौपन्नाव्याला ४००. चारही ठिपके एका रेषेवर बसतात. पन्नासाची वाढ ७.७ मिनिटांत झाली, तेव्हा रेषेचा चढ सुमारे ६.५ येतो. हाच वेगस्थिरांक, k. त्याचे एकक लिटर प्रति मोल प्रति मिनिट. पहिल्या कोटीच्या k चे एकक नुसते ‘प्रति मिनिट’ असते. त्यामुळे ६.५ चा k आणि ०.०९ चा k शेजारी ठेवून पहिली अभिक्रिया जलद म्हणणे निरर्थक आहे. एकके वेगळी असली की ती तुलनाच होत नाही.

हा ०.०९ आकडा हवेतून आलेला नाही. पहिल्या आठ मिनिटांच्या आकड्यांवर ln a ची रेषा बळजबरीने बसवली, तर चढ तेवढाच येतो. तो खोटा आहे हे पकडायला दुसरी युक्तीही आहे. तोच प्रयोग दोन्ही द्रावणे निम्मी पातळ करून, म्हणजे ०.०१ मोलवर, करायचा. आता पहिलाच अर्धायुकाल साडेपंधरा मिनिटांचा होतो आणि ln च्या रेषेचा चढ ०.०४५ वर येतो. वेगस्थिरांक सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो, म्हणूनच तर तो स्थिरांक. द्रावण पातळ केल्यावर जो k निम्मा होतो, तो खरा k नव्हेच. 1/a च्या आलेखात मात्र दोन्ही वेळा चढ ६.५च राहतो.

स्थिरांक हा शब्द तापमानापुढे चालत नाही, हेही इथेच सांगायला हवे. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ४८ किलोजूल आहे. २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले की k जवळपास १.९ पट होतो आणि पावणेआठ मिनिटांचा अर्धायुकाल चारच मिनिटांवर येतो. विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयात मार्चमध्ये केलेल्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नसेल, तर विद्यार्थ्याला दोष देण्याआधी भिंतीवरच्या तापमापीकडे पाहिलेले बरे. दुसरा गुन्हेगार हवेतला कार्बन डायऑक्साइड. सोड्याचे द्रावण तो शोषत राहते, आणि बाटली उघडी राहिली असेल तर एस्टर पडण्याआधीच सोडा थोडा कमी झालेला असतो. मग दोन्ही संहती सारख्या उरत नाहीत आणि 1/a चे साधे सूत्रच लागू पडत नाही.

एस्टरच घेऊनही कोटी बदललेली दिसू शकते. मिथिल ॲसिटेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले, की पाणी त्याला फोडते. १०० मिली आम्लात ५ मिली एस्टर टाकला, तर एस्टर लिटरला सुमारे ०.६ मोल असतो आणि पाणी पन्नासहून अधिक मोल. सगळा एस्टर संपला तरी पाण्यात जेमतेम एक टक्का घट होते. आम्ल उत्प्रेरक असल्याने खर्चच होत नाही. बदलते ती फक्त एस्टरची संहती, म्हणून अभिक्रिया पहिल्या कोटीची भासते. माल निम्मा झाला की वेगही निम्मा होतो, तेव्हा प्रत्येक अर्धा टप्पा तेवढाच वेळ घेतो: t₁/₂ = 0.693/k. अर्थात या k च्या पोटात आम्लाची संहती दडलेली आहे. आम्ल दुप्पट तीव्र घ्या, k जवळपास दुप्पट होतो. अशा कोटीला आभासी पहिली कोटी म्हणतात ती त्यामुळेच. या प्रयोगात साध्या तापमानाला अर्धायुकाल काही तासांचा असतो, प्रॅक्टिकल त्याआधीच संपते. अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचे वाचन घ्यायला मिश्रण तापवावे लागते किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे लागते.

याच जातीच्या अभिक्रियेतून हे सगळे शास्त्र सुरू झाले. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन संशोधकाने उसाची साखर आम्लात ठेवली आणि ध्रुवणमापीतून तिच्याकडे पाहत बसला. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. आम्लात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले, की त्यांचे मिश्रण ते डावीकडे वळवते. त्यामुळे नमुना न उचलता, अभिक्रिया न थांबवता, नुसत्या कोनावरून किती साखर उरली ते वाचता येत होते. प्रत्येक क्षणी वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे त्याने गणिती समीकरणात मांडले. पुढे ओस्टवाल्डने लक्ष वेधेपर्यंत या कामाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तिसरा प्रकार शून्य कोटीचा. त्यात वेग संहतीला जुमानतच नाही. त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण प्रयोगशाळेत नसून माणसाच्या यकृतात आहे. दारूतले अल्कोहोल तिथले एन्झाइम फोडते, पण एन्झाइमचे रेणू मोजकेच असतात. रेल्वे स्थानकावरच्या तिकीट खिडक्या भरलेल्या असताना मागची रांग कितीही लांब असली तरी तासाला तिकिटे तेवढीच निघतात. तसेच इथे होते. सरासरी माणसाच्या रक्तातले अल्कोहोल १०० मिलीमागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरते. माणसागणिक हा वेग बराच बदलतो. १२० मिलिग्रॅमवरून ६० वर यायला त्या सरासरीने चार तास लागतात, ६० वरून ३० वर यायला दोनच. सोड्याच्या पात्रात अर्धायुकाल लांबत गेला, एस्टर-आम्लाच्या पात्रात तसाच राहिला, इथे तो आखडतो. भारतात वाहनचालकाला ३० मिलिग्रॅमच्या वर मनाई आहे. ‘चार तासांत निम्मी उतरली, तर आणखी चार तासांत पाव उरेल’ हा पहिल्या कोटीचा हिशेब इथे आठ तास सांगतो, प्रत्यक्षात सहाच लागतात. मात्र हा सरळ उतार शेवटपर्यंत टिकत नाही. अल्कोहोल अगदी कमी उरले की एन्झाइमचे काही रेणू रिकामे बसू लागतात, वेग पुन्हा संहतीवर अवलंबून राहू लागतो आणि आलेखाची सरळ रेषा आडवी होत पहिल्या कोटीच्या वक्रात शिरते. पदार्थ तोच, एन्झाइम तेच, आणि एकाच उतारावर कोटी शून्याची एक होते.