काटा शून्याकडे का सरकतो?

नोव्हेंबर लागला की इंग्लंडमधल्या घराघरांत हीटिंग सुरू होतं आणि त्यासोबत एक तक्रारही. सकाळी उठावं तर रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि बॉयलरच्या पडद्यावर कसलासा कोड. खालच्या गोल गेजचा काटा शून्याला टेकलेला. पुण्या-मुंबईत गीझरची सवय असलेल्या आणि नुकतंच स्लाऊला किंवा हॅरोला बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाला हे प्रकरण अगदीच नवं असतं. कुणीतरी पाणी भरायचं कसं ते दाखवतं, दोन मिनिटांत काटा वर येतो, घर ऊबदार होतं. चार दिवसांनी काटा पुन्हा खाली.

तिथल्या बहुतेक घरांत आता कॉम्बी बॉयलर असतो. बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांतून फिरणारं पाणी बंदिस्त असतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा तापतं, फिरतं आणि निवतं. ते वापरलं जात नाही, त्यामुळे कमी होण्याचंही कारण नाही. वर्षातून एखाद्या वेळी, विशेषतः रेडिएटरमधली हवा काढल्यावर, थोडं पाणी भरावं लागणं ठीक. दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर पाणी कुठून तरी बाहेर जात आहे.

आधी भरण्याची रीत पाहू. बॉयलर बंद करून तो पूर्ण निवू द्यायचा, कारण तापलेल्या पाण्याचं प्रेशर मुळातच जास्त दिसतं आणि अंदाज चुकतो. बॉयलरखाली किंवा जवळच्या पाइपवर स्टीलच्या विणीची एक छोटी नळी असते, तिला फिलिंग लूप म्हणतात. तिचं एक टोक घरात येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपला जोडतात, दुसरं हीटिंगच्या पाइपला. दोन्ही जोड घट्ट आहेत हे पाहून एका बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि दुसरा अगदी हळूहळू. पाणी शिरल्याचा सूं असा आवाज येतो. नजर गेजवरून हलवायची नाही. काटा 1 ते 1.5 बारच्या दरम्यान, साधारण 1.2 ला आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी किल्ली किंवा कळ असते. तिथे कंपनीचं माहितीपत्रक पाहावं.

काम झाल्यावर नळी काढून दोन्ही तोंडांना टोपणं लावायची. हीटिंगचं पाणी काळं, गंजट आणि रसायन मिसळलेलं असतं. ते पिण्याच्या पाण्यात उलटं जाऊ नये म्हणून तिथल्या 1999 च्या पाणीपुरवठा नियमांनुसार तात्पुरती जोडलेली नळी काढून ठेवणं अपेक्षित आहे. शिवाय नळी तशीच राहिली आणि व्हॉल्व्ह किंचित गळका निघाला, तर पाणी गुपचूप आत शिरत राहतं आणि काटा आपोआप चढतो. चुकून पाणी जास्त भरलं गेलं तर घाबरण्याचं कारण नाही. रेडिएटरच्या कोपऱ्यातला हवा काढायचा स्क्रू किल्लीने सैल करून, खाली भांडं धरून थोडं पाणी सोडलं की काटा उतरतो.

एवढं कुणालाही जमण्यासारखं आहे. खरा प्रश्न पाणी जातं कुठे हा. त्यासाठी गेज दोन वेळा वाचावा: सकाळी सगळं गार असताना आणि हीटिंग तासभर चालल्यावर. बहुतेक लोक गारच तेवढा पाहतात, आणि निम्मी माहिती तिथेच निसटते.

स्लाऊमधलं एक तीन बेडरूमचं घर डोळ्यांसमोर आणा. पाइप-रेडिएटरमध्ये मिळून 80 लिटर पाणी आहे. ते 15 अंशांवरून 70 अंशांना गेलं की जवळपास पावणेदोन लिटरने फुगतं. बंदिस्त नळ्यांत या जादा पाण्याला जागा हवी, म्हणून बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचा डबा असतो. त्याच्या मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेला दाबतो, निवलं की परत सरकतो. आठ लिटरचा डबा ठणठणीत असेल तर गार असताना 1.2 वर असलेला काटा गरम झाल्यावर 2 च्या आसपास जातो.

आता त्या डब्यातली हवा हळूहळू निसटली आहे असं धरू. पावणेदोन लिटर पाण्याला जागाच उरत नाही. हीटिंग सुरू झाल्यावर काटा वीस-पंचवीस मिनिटांत 3 ला भिडतो. तिथे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या पाइपमधून टाकून देतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह करतो तेच काम. रात्री पाणी निवतं, आकसतं, पण बाहेर गेलेलं पाणी परत येत नाही. सकाळी काटा 0.3 वर. घरातली माणसं पुन्हा पाणी भरतात, संध्याकाळी ते पुन्हा बाहेर जातं. घरात कुठेही ओल नसते, म्हणून बुचकळ्यात पडायला होतं. त्या तांब्याच्या पाइपच्या तोंडाला रात्री एक प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवावी. सकाळी तिच्यात पाणी असेल तर वाट सापडली.

याउलट गरम असतानाही काटा 2 च्या आत राहतो आणि तरी दिवसागणिक थोडाथोडा उतरतो, असं असेल तर डबा नाही, कुठेतरी गळती आहे. रेडिएटरच्या व्हॉल्व्हभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवून पाहावा. हिरवट-पांढरे डाग ही जुन्या झिरपण्याची खूण. गरम पाइपवरचा थेंब वाळून जातो, म्हणून गार असतानाच पाहावं. काहीच दिसलं नाही तर बॉयलरखालच्या, हीटिंगच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवतात, अर्थात बॉयलरही बंद ठेवून. सकाळी गेज उतरलेला दिसला तर दोष बॉयलरच्या आत, जागचा हलला नसेल तर पाइपांत किंवा रेडिएटरमध्ये, कदाचित जमिनीखाली.

नुसतं पाणी भरत राहिलं तर काय बिघडलं, असा प्रश्न येतोच. बिघडतं. दर वेळी नव्या पाण्यासोबत प्राणवायू आत येतो, रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ साचतो. गंज रोखणारं रसायन, इनहिबिटर, पातळ होत जातं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड असल्याने तिथे क्षारांचा थरही चढतो. शंभर-दीडशे पौंडांची दुरुस्ती टाळण्याच्या नादात बॉयलरचा मुख्य भागच निकामी होऊ शकतो.

घरच्या माणसाने थांबायचं ते बॉयलरच्या झाकणापाशी. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकण ज्वलनाचा धूर घरात येऊ न देणाऱ्या बंदिस्त पेटीचा भाग असतं, आणि ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसाचंच. घर भाड्याचं असेल तर 1985 च्या कायद्यानुसार हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे येते. त्याला काट्याचे गार-गरम आकडे तारखांसह लिहून पाठवावेत.

स्लाऊच्या त्या घरात कारागीर येतो तेव्हा तो डब्यावरच्या, मोटारीच्या टायरला असतो तशाच व्हॉल्व्हची पिन दाबतो. पाणी आलं तर पडदा फाटला, नवा डबा हवा. इथे नुसती फुस्स अशी अर्धवट हवा येते. तो हीटिंगचं पाणी सोडून प्रेशर शून्यावर आणतो आणि मगच हवा 0.75 बारपर्यंत भरतो, कारण पाण्याचं प्रेशर असताना भरलेल्या हवेचा आकडा खोटा येतो. वारंवार उघडल्याने बैठकीत कचरा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्हही तो बदलतो, नाहीतर तो ठिबकतच राहिला असता. मग इनहिबिटर घालून पाणी 1.2 पर्यंत भरलं जातं. तासाभराने काटा 2 वर, दुसऱ्या दिवशी सकाळी परत 1.2 वर, आणि बाहेरच्या पाइपला बांधलेली पिशवी कोरडी.